चौदाव्या दिवशी आलेला मेसेज

आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी मी नऊ वर्षं आहे. हौस म्हणून नाही. दर आमसभेत सगळे माझ्याकडे बघतात आणि मग चहा येतो, म्हणून. जोगेश्वरी पूर्वेची चार मजल्यांची जुनी बिल्डिंग, बत्तीस खोल्या आणि एक ग्रुप. पैकी बिल्डिंग सांभाळणं सोपं होतं. ग्रुपने माझी वाट लावली.

आमच्याकडे महापालिकेचं पाणी पहाटे येतं, कधी साडेपाचला, कधी सहाला. ते खालच्या टाकीत पडलं की पंप सुरू करून वर चढवायचं. हे काम वर्षानुवर्षं तळमजल्यावरचा माझा मित्र करायचा. रिटायर माणूस, मालवणकडचा, माझ्याच वयाचा. पंप लावायचा आणि ग्रुपवर टाकायचा, ‘पाणी आले आहे. भरून घ्या.’ पुढे नळाचं चित्र. एक दिवस चुकला नाही. मेसेजच्या नावाशेजारचा त्याचा फोटोही कायम तोच, गणपतीत काढलेला, डोक्याला टोपी, तोंडभर हसू.

तो गेला तेव्हा आम्ही सगळे अंत्ययात्रेला होतो. मी स्वतः खांदा दिला. तेरा दिवस पंप वॉचमनने लावला आणि पाण्याचा मेसेज मी टाकला.

चौदाव्या दिवशी सकाळी पावणेसहाला फोन वाजला. ‘पाणी आले आहे. भरून घ्या.’ नळाचं चित्र. वर त्याचं नाव आणि टोपीतला तो हसरा चेहरा.

अंगावर सर्रकन काटा आला माझ्या. देव मानतो मी, भुतं मानत नाही, तरी ते नाव पुन्हा पुन्हा वाचलं. तसाच चप्पल घालून खाली आलो. पंप चालू होता. टाकीपाशी वहिनी उभी होती, त्याची बायको, एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात त्याचा फोन. मला बघून म्हणाली, ‘पाणी इलां हा.’ जसं काही झालंच नाही.

तिला लिहायला फारसं येत नाही. सही करते, अक्षर लावून वाचते. तिने युक्ती काढली होती. वर सरकवत जुन्या मेसेजपर्यंत जायचं, नळाचं चित्र दिसलं की बोट दाबून धरायचं आणि तोच मेसेज पुन्हा ग्रुपला पाठवायचा. तिच्या हिशेबी काम त्याचंच होतं, ती फक्त हात लावत होती. दोन-तीन महिने तसंच चाललं. बिल्डिंगलाही सवय झाली. बायका म्हणायच्या, ‘काका अजून पाणी सोडतात,’ आणि डोळे पुसायच्या.

मग एका सकाळी तिचं बोट चुकलं.

नळाचं चित्र असलेला दुसराही एक मेसेज होता, कधीतरी तो गावी जाताना टाकलेला. सकाळी पावणेसहाला बत्तीस घरांच्या फोनवर तो पडला: ‘मी दोन दिवस गावी जात आहे. परत आलो की पंप बघतो. काळजी नसावी.’

अरे देवा! तिसऱ्या मजल्यावरची सून पोटुशी होती, तिच्या सासूने माझं दार ठोठावलं. ‘हे काय चाललंय? परत आलो की म्हणजे काय?’ दुसऱ्या मजल्यावरचा तर म्हणाला, रात्री त्याला जिन्यात खोकल्याचा आवाज येतो. च्यायला, खोकणारा तो स्वतःच, विड्या ओढून ओढून! पण त्या दिवशी मीही दाराची कडी दोनदा तपासली. गुड मॉर्निंगची फुलं, फॉरवर्ड केलेले देवदेव, राजकारण, कुणाच्या गाडीचा फोटो आणि खाली शिव्या, हे सगळं आधीच डोक्यावरून गेलेलं. आता हे. सगळे म्हणाले, नियम करा.

मी केले. आमसभेत वाचले, टाळ्यांत मंजूर झाले, आणि जिन्याखालच्या फळ्यावर लावले. भाषा माझीच होती आणि मला ती आवडलीही होती, खोटं कशाला बोलू. ग्रुपवर फक्त पाणी, वीज, लिफ्ट, पार्किंग, सभा आणि दुःखद बातमी. शुभेच्छा, जाहिराती आणि फॉरवर्ड केलेले मेसेज अ‍ॅडमिन काढून टाकेल. वाद वाढला तर ग्रुप फक्त अ‍ॅडमिनपुरता ठेवला जाईल. (एकट्या माणसाचं तोंड बंद करायची सोय त्या ग्रुपात नाही. एक तर सगळ्यांचं बंद करा, नाही तर त्याला बाहेर काढा.) तक्रार ग्रुपवर टाकू नये, रविवारी दहा ते बारा ऑफिसात येऊन तक्रारवहीत लिहावी. आणि शेवटचा नियम: एका खोलीचा एकच नंबर, हयात सभासदाचा. मयत सभासदाचा नंबर काढून वारसाचा घेतला जाईल.

शेवटचा नियम वाचताना सभेत कुणी कुणाकडे बघितलं नाही.

तिच्या खोलीसाठी मुलाचा नंबर घेतला. तो मुलुंडला राहतो. मग मित्राच्या नावावर बोट ठेवलं. फोन विचारतो, काढायचं का? हो म्हटलं. स्क्रीनवर ओळ आली, तुम्ही यांना काढलं. नऊ वर्षांत मी किती भाडेकरू काढले, कधी काही वाटलं नाही. ती ओळ मात्र मी बराच वेळ बघत बसलो. तरी नियम म्हणजे नियम.

रविवारी ती ऑफिसात आली. नऊवारी नीट नेसलेली, हातात फोन. खुर्चीवर बसली नाही.

‘मेसेज जाणा नाय. काय तरी लिवून येतां.’

मी बघितलं. खाली लिहिलं होतं की तुम्ही या ग्रुपमध्ये नाही, म्हणून मेसेज पाठवता येणार नाही. मी समजावलं, वहिनी, नियम झालाय, मुलाचा नंबर घेतलाय, तुमचं सगळं त्याला कळेल.

‘माझा नाय. ह्यांका कित्याक काढलात?’

‘वहिनी, तो गेला ना.’

‘ता माका ठावक आसा,’ ती म्हणाली. ‘मी इचारतंय, काढलात कित्याक?’

मला त्या ‘का’चा राग आला. माझं असंच आहे, उत्तर नसलं की राग येतो. मी म्हटलं, तक्रार असेल तर वहीत लिहा. फळ्यावर लिहिलंय तसं. तिने वही माझ्याकडे सरकवली. ‘तुमीच लिवा.’

म्हणजे माझ्याविरुद्धची तक्रार मी माझ्याच हाताने लिहिली. ती सांगत गेली, मी शुद्ध करत गेलो. ‘माझ्या पतींना ग्रुपमधून काढले. त्यांनी कोणाचे वाईट केले नव्हते. त्यांना परत घ्यावे.’ तिने खाली सही केली, एकेक अक्षर कोरत. कार्यवाहीच्या रकान्यात मी लिहिलं, ‘नियम आमसभेत मंजूर. बदल पुढील आमसभेत.’ आणि सोसायटीचा शिक्का मारला. शिक्का कशाला मारला, देव जाणे.

पुढली आमसभा वर्षाने. मला एका मिनिटात तो नंबर परत घेता आला असता. कोण विचारणार होतं? पण मी स्वतःच्याच शिक्क्यात अडकलो होतो. समितीच्या दर सभेला प्रलंबित तक्रारी वाचायच्या असतात. लिफ्टचा दिवा, गळकी मोरी, आणि मग ती. ‘माझ्या पतींना ग्रुपमधून काढले.’ मी वाचायचो, सगळे माना खाली घालायचे, आणि मी म्हणायचो, ‘आमसभेपुढे.’ अकरा वेळा वाचली ती मी.

पहाटे पावणेसहाला जाग यायची ती आजपर्यंत येते. पाण्याचा मेसेज आता मी टाकायचो. पाठवला की वाटायचं, खाली कुणीतरी तो वाचतंय आणि हसतंय, बघा, साधं काम जमत नाही, दोन मिनिटं उशीर. एकदा मी घाबरून नळाचं चित्र पुसलं आणि नुसते शब्द पाठवले. जिन्यात खोकला मीही ऐकला. दुसऱ्या मजल्यावरच्याला जाऊन बघितलं तर तो सासुरवाडीला गेलेला. कुणाला सांगितलं नाही. हसले असते. हसले नसते तर जास्त वाईट.

ती मला जिन्यात भेटायची आणि एकच विचारायची, ‘सभा कधी?’ टोमणा नव्हता तो. दवाखान्याच्या बाहेर नंबर कधी येईल विचारतात ना, तसं.

सभा झाली. गच्चीवर खुर्च्या टाकल्या होत्या. ती सगळ्यांच्या आधी येऊन पहिल्या रांगेत बसली. नियमात एक वाक्य घालायचं मी सुचवलं, कुटुंबाची इच्छा असेल तर मयत सभासदाचा नंबर राहू द्यावा. एकानेही विरोध केला नाही. पोटुशी होती ती सून आता लेकरू मांडीवर घेऊन बसली होती, तिने सगळ्यांत आधी हात वर केला. मला इतकं हलकं वाटलं की सांगता सोय नाही. मी म्हटलं, आत्ताच घेतो, सगळ्यांसमोर. फोन काढला, त्याचं नाव शोधलं. नावाशेजारी फोटो दुसराच होता, गॉगल घातलेला कोणीतरी, मोटरसायकलवर. मी म्हटलं मुलाने बदलला असेल. दाबलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

टाळ्या संपायच्या आत मेसेज आला. माझ्या फोनवर त्याच्याच नावाने.

‘कौन सा ग्रुप है? किसने डाला मुझे?’

मी मागे उभ्या असलेल्या तिच्या मुलाकडे बघितलं. त्याचा चेहरा पडला होता. ‘काका, तुम्ही काढलात तेव्हाच मी रिचार्ज थांबवला,’ तो हळूच म्हणाला. ‘म्हटलं, आता कशाला. नंबर बंद झाला, दुसऱ्याला गेला असेल. आईला सांगायला विसरलो.’

तिला अर्धंच ऐकू आलं. तिने चष्मा लावला आणि माझ्याकडे वळली. ‘काय लिवल्यानी हेनी?’

खोटं बोलावंसं वाटलं. आयशप्पथ वाटलं. पण वर्षभर मी त्या बाईला नुसते नियमच सांगितले होते, म्हणून या वेळी खरं सांगितलं. त्याचा नंबर आता दुसऱ्याचा झालाय, वहिनी. तो कोणी परका माणूस आहे.

तेवढ्यात पुन्हा फोन वाजला. त्या माणसाने ग्रुप सोडला होता. तिने ती ओळ माझ्या फोनवर बोट ठेवून, अक्षर लावून वाचली.

‘ह्यो आपणहून गेलो ना?’ तिने विचारलं.

‘हो.’

‘ह्यांका तुमी काढलात.’

रागाने नाही म्हणाली ती. सभेचा पुढचा विषय होता, रंगकामाचे दर. कोणीतरी माझ्या हातातून कागद घेतला आणि वाचायला सुरुवात केली.