रिंग कोणाची, हात कोणाचा

आमच्या समोरच्या गाळ्यातल्या बाईला सगळे कुकरवाली म्हणतात. वडिलांचं दुकान तिने चालवायला घेतलं आणि वडिलांचा खाक्याही उचलला. कुकरचं झाकण पुढे केलं की आधी त्याच्या कडेवरून अंगठा फिरवायची, मग शिट्टी उन्हाकडे धरून भोकातून बघायची, आणि नवी रिंग विकण्याआधी जुनी उलटून बसवून पाहायची. दहापैकी चार गिऱ्हाइकांना ती तशीच परत पाठवायची, नवी रिंग न विकता. मी समोर कपडे शिवतो. अशाने धंदा होत नाही हे मी तिला बऱ्याचदा सांगितलं, आणि तिनेही मला दरवेळी तोंडावर सांगितलं की तुमच्या पॅंट्स आधी नीट शिवा.

ॲपवर माल विकायची कल्पना तिच्या लेकीची. सुरुवातीला रिंगा त्या दोघीच पाठवायच्या. ऑर्डर आली की पत्त्याचा कागद छापायचा, डबा बांधायचा, कुरिअरवाल्याच्या हाती द्यायचा. कुरिअरवाला गायब झाला तरी शिव्या कुकरवालीला, कारण पाठवणारी ती. शेवटी लेक वैतागली. म्हणाली, "माल त्यांच्या गोदामातच ठेवू या. बांधणार ते, पोचवणार ते. उशीर झाला, वाटेत मोडलं, तर त्यांची जबाबदारी. माल चांगला असणं तेवढं आपलं."

गोदामात माल ठेवताना ॲपने एक प्रश्न विचारला होता. प्रत्येक पाकिटावर तुमचा स्वतःचा स्टिकर लावणार, की कारखान्याचा छापील बारकोडच चालेल? कारखान्याचा बारकोड ठेवला तर सगळ्या विक्रेत्यांचा तो माल एकच धरला जातो आणि गिऱ्हाइकाच्या जवळच्या गोदामातून ज्याचा असेल त्याचा जातो. लेकीने हे वाचून दाखवलं. कुकरवालीला स्टिकरच मान्य नव्हता.

"कारखान्याच्या छापावर आपण कागद डकवायचा म्हणजे काहीतरी लपवल्यासारखं दिसतं. मला नाही चालणार."

असल्या सचोटीने माणूस कसा गोत्यात येतो, ते मी पुढे पाहिलं.

एक दिवस ॲपवर तिची रिंग दिसेनाशी झाली. एका गिऱ्हाईक बाईने लिहिलं होतं, माल उशिरा आला, नकली निघाला, कडेने वाफ सुटली आणि हात भाजला. ॲपच्या कंपनीने 'उशिरा' या तक्रारीवर स्वतःहून खुलासा जोडला, पोचवणं आमच्याकडे होतं. नकली मालाचं उत्तर मात्र विक्रेत्याने द्यावं, तोवर विक्री बंद. फोटोत रिंगेवर कारखान्याची उठावाची अक्षरं नव्हती. कुकरवालीने तिचा सगळा माल गोदामातून परत मागवला. खोकी उघडली, तर अर्ध्याहून जास्त रिंगा बिनअक्षरांच्या, तिने पूर्वी कधी पाहिलेल्याच नव्हत्या. कुणा दुसऱ्याचा माल तिच्या नावावर आला होता, आणि तिचा कुणाच्या तरी नावावर गेला होता.

लेकीने कारखान्याच्या पावत्या कंपनीला पाठवल्या आणि आईला बजावलं, "निकाल लागेपर्यंत एक अक्षर लिहायचं नाही. माफी मागितलीस तर कबुली धरतील."

कुकरवालीने कंपनीला फोन लावला. स्पीकर चालू होता, मी काज करत ऐकत होतो.

"त्या बाईंचा नंबर द्या हो. हात कसा आहे विचारायचंय."

"मॅडम, गोदामातून गेलेल्या ऑर्डरच्या गिऱ्हाइकाची माहिती आम्ही देत नाही. ते गिऱ्हाईक आमचं."

"वाफ सुटली तेव्हा माझं होतं ना?"

पलीकडून आणखी काही मदत हवी आहे का, अशी विचारणा झाली. तिने फोन ठेवला. मला राग आला, पण तो नेमका कुणावर काढायचा ते कळेना.

मग लेकीच्या देखत तिने त्या तक्रारीखाली उत्तर लिहिलं. 'रिंग माझ्या दुकानातली नव्हती, पण माझ्या नावावर आली. स्टिकर लावला नाही, ती चूक माझी. हात कसा आहे ते कळवा.' लेक कपाळाला हात लावून बसली. परत आलेल्या परक्या रिंगा कुकरवालीने माझी मोठी कात्री मागून एकेक कापल्या. रबराने धार गेली, ते मी बोललोही.

पावत्या पटल्या आणि विक्री सुरू झाली. माफीने काही बिघडलं नाही, बहुधा कंपनीला ती वाचायला वेळच झाला नसावा. आता ती पुन्हा स्वतःच माल पाठवते आणि कुरिअरवाल्याच्या नावाने आलेल्या शिव्या स्वतः खाते. त्या बाईने दिलेला एकच तारा अजून तिथेच आहे. त्याखाली मात्र त्या बाईनेच नंतर एक ओळ वाढवली आहे. 'जखम भरली. तेवढं विचारणाऱ्या तुम्ही एकट्याच.'