रॅकच्या टोकावरचं रुखवत

बंगळूरला, इंदिरानगरातल्या त्या मोठ्या किराणा दुकानात कामाला लागले तेव्हा मला पहिलं कोडं पडलं ते दुधाचं. दूध सगळ्यांनाच लागतं, आणि ठेवलेलं मात्र पार मागच्या भिंतीला. दारातच ठेवलं तर माणूस पटकन घेऊन जाईल की, असं मी आमच्या फ्लोअर मॅनेजरना विचारलं. भीतभीतच विचारलं. नववीत शाळा सुटल्यापासून कोणाला काही विचारायचं म्हटलं की मला संकोच वाटतो.

"पटकन जाऊ नये म्हणूनच तर," ते म्हणाले.

ते मराठीच, पण आजोबांच्या काळापासून बंगळूरचे. बोलण्यात निम्मं कानडी. मी त्यांना सगळ्यांसारखं अण्णाच म्हणायची. विदर्भातून इतक्या लांब आलेल्या मला त्यांनी कामावर ठेवून घेतलं, याचे उपकार मी आजही मानते.

त्यानंतर मला दुकान वेगळंच दिसायला लागलं. गाणी मुद्दाम संथ लावलेली, म्हणजे पावलंही संथ पडतात. महाग बिस्किटं डोळ्यांसमोरच्या फळीवर, स्वस्त पार खाली, वाकून घ्यावी लागतील अशी. चित्रांची चॉकलेटं मात्र ट्रॉलीत बसलेल्या पोराचा हात पोचेल तिथं. मला हे सगळं जादूच्या खेळामागची दोरी दिसावी तसं वाटायचं.

संक्रांतीच्या आधी कंपनीनं ठरवलं की आमच्यातली काही माणसं होसकोट्याच्या गोदामात पाठवायची. मी राहायला बहिणीकडे, बनशंकरीला. तिथून होसकोटे म्हणजे शहराचं दुसरं टोक. बहिणीचं घर सोडून तिकडं एकटीनं खोली करायची, या विचारानंच झोप उडाली. अण्णांनी मला दुधाच्या वाटेवरच्या रॅकचं टोक मांडायला दिलं. माल एळ्ळु-बेल्ला, म्हणजे इकडचा तिळगूळच, तीळ-गूळ-खोबरं-दाणे मिसळलेला. टोकावरचं काही कोणी ठरवून घ्यायला येत नाही, जाता जाता नजर पडली तरच घेतं. "हे खपलं तर वर सांगता येईल की मुलगी फ्लोअरलाच हवी," ते म्हणाले.

मी जीव ओतला. पाकिटांच्या चढत्या पायऱ्या केल्या, प्रत्येकाचं तोंड पुढे. वर साखरेच्या बाहुल्या, दोन्ही बाजूंना उसाच्या कांड्या, कडेनं झेंडूची माळ. किमतीची पाटी शोभेना, म्हणून मागे सरकवली.

लोक थांबले. फोटो काढले. एका आजींनी कानडीत माझं कौतुक केलं आणि पुढे जाऊन दही घेतलं. दुपारपर्यंत एक पाकीट हललं नाही. काय चुकलं ते कळेना. माल तोच, जागा चांगली, लोक तर बघतही होते.

अण्णा आले, लांबून बघितलं आणि हसायलाच लागले.

"अगं पोरी, हे तर रुखवत मांडलंस. रुखवताला कोणी हात लावतं का?"

मी गारच झाले. खरंच होतं ते. आमच्याकडच्या लग्नांत रुखवत मांडायला मलाच बोलवायचे. तिथं कोणी वस्तू उचलली तर आम्हीच ओरडायचो.

"हे इतकं पूर्ण आहे, की घेणाऱ्याला वाटतं आपण मोडतोय," ते म्हणाले. "स्वल्प बिघडव. कोणीतरी आधीच घेऊन गेलंय असं दिसू दे."

मला हात लावायला जड गेलं. माळ काढली, बाहुल्या बाजूला केल्या. पायऱ्या मोडून छातीच्या उंचीला एक पसरट टोपली ठेवली, तिच्यात पाकिटं आडवीतिडवी टाकली. टोपलीमागे पाकिटांची एकच रांग उभी ठेवली आणि तिच्यातली मधली दोन काढून खाच पाडली. किमतीची पाटी पुढे आली. अण्णांनी वरचा दिवा टोपलीवर वळवला आणि एक पाकीट फोडून वाटीत चवीला ठेवलं.

मी शेजारच्या साबणांची तोंडं सारखी करत उभी राहिले. लक्ष सगळं टोपलीकडे.

एक पुण्याकडचं जोडपं आलं, दोघांच्या गळ्यात ऑफिसची ओळखपत्रं. बायको पुढे निघाली होती. नवऱ्यानं वाटीतलं चिमूटभर तोंडात टाकलं, आणि दुसरा हात आपोआप टोपलीत गेला.

"आपण फक्त दूध घ्यायला आलोय," ती म्हणाली.

"मग घेऊ ना दूध."

तिनं त्याच्या हातातलं पाकीट परत टाकलं आणि त्याहून मोठं उचललं.

संध्याकाळपर्यंत टोपली दुसऱ्यांदा भरावी लागली. अण्णांनी होसकोट्याची यादी करणाऱ्या साहेबांना माझ्यासमोरच फोन लावला. कानडीत बराच वेळ बोलले. मला त्यातलं फक्त शेवटचं "सरी, सरी", म्हणजे ठीक आहे, एवढंच कळलं. फोन ठेवून म्हणाले, "उद्यापासून साबणाचं टोकही तुझ्याकडे. आणि माळ नको."

घरी निघताना मी त्या टोकावरून गेले. काही घ्यायचं नव्हतं. दिवा कोणी वळवला, खाच कोणी पाडली, सगळं मला ठाऊक. तरी पाकीट उचललंच, बहिणीसाठी म्हणून. ते नेमकं कशानं, दिव्यानं, खाचेनं की होसकोटे टळल्याच्या आनंदानं, हे मात्र मला अजून सांगता येत नाही.