टू लावलं की तक्रार

दौंडला रविवारी सकाळी मी इंग्रजी बोलण्याचा वर्ग घेते. चर्चमागच्या खोलीत बहुतेक कुरकुंभच्या कंपन्यांतली मुलं येतात. त्यांना इंटरव्ह्यू द्यायचे असतात, त्यामुळे ती सगळ्या वाक्यांत ‘सर’ घालतात आणि मी वैतागते. त्यांच्यात एकदा वरवंडच्या एक मावशी येऊन बसल्या. शेवंतीची शेती करणाऱ्या, साठीच्या, आवाज असा की खिडकीतली कबुतरं उडाली.

“मॅडम, मला फकस्त सुनेशी बोलण्यापुरतं शिकवा.”

सून केरळची, बंगळुरूला नर्स. मुलाने तिथेच लग्न केलं. तिला मराठी येत नाही, मावशींना मल्याळम येत नाही, मग दोघींमध्ये उरली इंग्रजी. व्हिडिओ कॉलवर सुनेची आई भेटली तेव्हा मावशींनी मनापासून कौतुक केलं होतं: “युवर डॉटर टू क्वाएट. टू सिंपल गर्ल.” आमच्याकडे मुलगी फार शांत, फार साधी आहे म्हटलं की आईचा ऊर भरून येतो. त्या माउलीचा चेहरा मात्र उतरला. मुलगी गरजेपेक्षा गप्प आणि जरा अडाणीच, असं तिला ऐकू आलं होतं. तेव्हापासून सून फोनवर ‘फाइन, आई’ एवढंच बोलायची. दिवाळीला येणार होती, आता म्हणे रजा मिळत नाही.

“पोरगा म्हनतो, मी समजावतो तिला. मी म्हनलं, वाकडं मी बोलले, सरळ बी मीच बोलणार.”

मला त्या तिथेच आवडल्या.

दोष खरं तर आपल्या ‘फार’चा आहे. चहा फार गोड झालाय म्हटलं की नाक मुरडलेलं असतं, पोर फार गोड आहे म्हटलं की गालगुच्चा घेतलेला असतो. शब्द एकच, फरक सगळा सुरात. इंग्रजीत त्याचे दोन शब्द होतात. नुसतं जास्त असेल तर व्हेरी, नको इतकं जास्त असेल तर टू. हल्ली सगळेच ‘टू गुड’ म्हणून कौतुक करतात हे मी सांगितलं, पण ती सवलत मावशींना द्यायची नाही असं ठरवलं. कंपनीतला एक जण म्हणाला, “माय सुपरवायझर इज टू स्ट्रिक्ट.” मावशींनी मान डोलावली.

“म्हंजी टू लावलं की तक्रार.”

“अगदी बरोबर.”

“आन् इनफ?”

“ते मागून येतं. गुड इनफ. म्हणजे भागेल एवढं चांगलं.”

“स्थळ बघून आल्यावर म्हनत्यात तसं व्हय? ‘बरं हाय, चालंल.’”

“तसंच. सुनेला चुकूनही म्हणू नका.”

‘सो’ त्यांना पटला नाही. ‘इतकी चांगली’ म्हटल्यावर इतकी म्हणजे किती, ते पुढे सांगावं लागतं, अशी त्यांची हरकत होती. आवडला तो ‘सच’. सच अ गुड गर्ल. “अशी गुणाची पोर,” त्या स्वतःशीच म्हणाल्या. मधला ‘अ’ मात्र त्या दर वेळी गिळायच्या आणि मी दर वेळी ओरडायची.

पुढच्या एका रविवारी मुलं गेल्यावर त्यांनी माझ्यासमोरच कॉल लावला. वाक्यं पाठ होती. यू आर सच अ गुड गर्ल. आय ॲम व्हेरी हॅपी. सून पडद्यावर आली, ड्युटीवरून नुकतीच आलेली, दमलेली. “फाइन, आई,” ती म्हणाली. मावशींनी तोंड उघडलं आणि पाठांतर कुठल्या कुठे गेलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी ओठांनी ‘सच, सच’ करत होते. त्यांनी मान फिरवली.

“यू नॉट टू क्वाएट,” त्या सुनेला म्हणाल्या. “आय टू लाउड.”

सून फसकन हसली. “नो, आई. लाउड इनफ फॉर बोथ ऑफ अस.”

मावशींचा चेहरा पडला. “मॅडम, इनफ म्हनली! भागंल म्हनली मला!”

“अहो, दोघींना पुरेल एवढा आवाज आहे म्हणतेय. लाडानं बोलतेय.”

“व्हय?” त्यांनी फोन दोन्ही हातांनी जवळ धरला. “मग ये की, बाळा. कम. धिस हाउस टू क्वाएट.”

तिथे क्रियापद नव्हतं. पण ‘टू’ जिथे हवा तिथेच होता, आणि माझे डोळे भरून आले म्हणून मी फळा पुसायला उठले. पाठीमागून सुनेचा आवाज आला, रजेचं परत विचारते म्हणून.

“आस्क लाउडली,” मावशी म्हणाल्या.