रात्रीच्या रेघेतली पायरी

माझ्या आत्याचा कुणावर विश्वास नव्हता. दूधवाल्यावर नव्हता, घड्याळावर नव्हता, आईच्या "आत्ता येते"वर तर अजिबातच नव्हता. विश्वास होता तो दोनच गोष्टींवर: टाकीखालच्या मोठ्या मीटरवर आणि माझ्या बाबांवर. बाबा तिचा धाकटा भाऊ. आजी लवकर गेली, तेव्हा त्याची शाळा, त्याचे दात, त्याचं लग्न, सगळं आत्यानेच पाहिलं. स्वतःचं लग्न बघायला मग वेळच उरला नाही, असं ती हसत सांगायची. ते हसू फार टिकायचं नाही.

ती पाणीपुरवठा कचेरीत होती. रोज सकाळी दहाला टाकीखालच्या मीटरचे आदल्या रात्रीचे आकडे तिच्या टेबलावर यायचे. गावाला चोवीस तास पाणी. दिवसा लोक किती वापरतात याचा काही नेम नसतो, पण रात्री दोन ते चार सगळे झोपलेले. तेव्हाही मीटरमधून जे पाणी जातं, त्याचा जाब द्यावा लागतो.

"झोपलेल्या माणसाचा श्वास मोजायचा," ती मला सांगायची. "दिवसा धावताना काय कळणार?"

आमच्या भागाचा श्वास होता तासाला दहा हजार लिटर. त्यातले चार हजार घरांचे: कुणाची ठिबकणारी तोटी, कुणाची भरत राहिलेली टाकी, जुन्या सांध्यांचा थोडा पाझर. उरलेले सहा हजार बर्फाच्या कारखान्याचे, कारण तो रात्री एक ते चार पाणी भरून घ्यायचा. आत्या दहातून सहा वजा करायची, चार लिहायची आणि सही करायची. चाराचे पाच झाले, की शोध सुरू.

त्याच कारखान्यात बाबा होते. कॉम्प्रेसरवर.

थंडीच्या सुरुवातीला एका सकाळी आकडा आला चार. वजाबाकी केली तर उणे दोन! पुढचे तीन दिवसही चारच. पाचव्या दिवशी पाच, मग सात आणि दहाव्या दिवशी परत दहा. संध्याकाळी चहाला तिने विचारलं.

"काय रे धाकट्या, तुमचा कारखाना बंद होता का? आकडा चारवर गेला, मग हळूहळू वर आला."

बाबांनी कप खाली ठेवला नाही. "होता. कॉम्प्रेसर उघडला होता. मग थोडं थोडं करून चालू केलं."

"मला सांगायचंस ना! माझा हिशेब उणे गेला. मी म्हटलं, पाणी उलटं वाहायला लागलं की काय."

"तू पण ना ताई. घरात बसूनही मीटर वाचतेस."

दोघं हसली. तिने शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: *कारखाना दुरुस्ती. आता सुरळीत.*

कारखान्याचा स्वतःचा मीटर होता. पण तो बिलवाल्यांकडे, आणि ते तीन महिन्यांनी एकदा वाचायचे. शिवाय घरचा माणूस आत असताना चौकशी कुणाकडे करायची?

पुढचे दोन महिने आकडा दहाच राहिला. आत्याच्या टेबलावर शांतता होती. बाबा रोज सातला डबा घेऊन निघत, संध्याकाळी रिकामा डबा घेऊन येत.

मग एका शुक्रवारी आकडा आला बारा. आत्याने नुसता आकडा न बघता अख्ख्या रात्रीच्या आलेखाची रेघ छापून घेतली. एरवी ही रेघ बारानंतर खाली उतरायची आणि एकला कारखान्याचा व्हॉल्व्ह उघडला, की पायरीसारखी वर चढायची. या रेघेत पायरीच नव्हती. बारापासून चारपर्यंत टेबलाच्या कडेसारखी सपाट.

माणूस पाणी घेतो तेव्हा सुरू करतो, थांबवतो. फुटलेला पाइप थांबत नाही.

शिस्तीप्रमाणे त्याच रात्री व्हॉल्व्हमनला घेऊन एकेक गल्ली बंद करत जायचं होतं. जी बंद केल्यावर मीटर धाडकन उतरेल, ती गळकी. आत्याने चिठ्ठी लिहिलीही. पण ती द्यायच्या आधी ती जेवायला घरी आली, आणि त्या दिवशी बाबाही घरी होते. डोकं दुखतंय म्हणाले.

तिने रेघ त्यांच्यासमोर धरली. "हे बघ. एकची पायरी कुठे गेली?"

"आता आम्ही संध्याकाळपासूनच भरतो."

"संध्याकाळपासून पहाटेपर्यंत? एवढं?"

"मागणी वाढली आहे. डबल बर्फ."

"या थंडीत?"

"ताई, मी तिथे असतो की तू?"

आत्याने रेघ खाली ठेवली. "माझ्या डोक्यावर हात ठेवून सांग. चालू आहे?"

बाबांनी हात ठेवला. मी दारात उभी होते, मी तो हात पाहिला आहे. जराही कापला नाही.

"चालू आहे."

चिठ्ठी तिच्या पर्समध्येच राहिली. सोमवारी बघू, म्हणाली.

शनिवारी पहाटे तीनला चढावाच्या गल्लीत शिवणवाल्या काकूंची खोली खचली. लग्नाचे कपडे द्यायचे म्हणून त्या लवकर उठून मशीनवर बसल्या होत्या. फरशी गेली, खालची माती केव्हाच वाहून गेली होती. त्या मशीनसकट खाली गेल्या. बाहेर काढलं तेव्हा दोराचं रीळ हातातच होतं. श्वास नव्हता.

आत्या पोचली तोवर व्हॉल्व्हमनने गल्ली बंद केली होती. तिने टाकीवर फोन लावला. तिकडच्याने वाचून दाखवलं: बारा होता, आता चार.

"आठ," आत्या म्हणाली. मग आणखी एकदा, "आठ."

व्हॉल्व्हमन चिखलातल्या पाइपाजवळ बसला होता. "सांधा उकललाय. कारखान्याने पाणी ओढणं थांबवलं, रात्रीचा दाब वाढला. जुना सांधा, किती सोसणार?"

"थांबवलं?"

"म्हणजे काय! गेटला कुलूप आहे, दोन महिने झाले. मालक रातोरात गेला." त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं. "बाई, तुम्हाला माहीत नव्हतं? मी म्हटलं, घरचाच माणूस तिथे, यांना काय सांगायचं!"

सोमवारी साहेबांनी रजिस्टर उघडलं. आत्या उभीच राहिली.

"कारखाना चालू आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सही कुणाची आहे साहेब?"

"तुमची."

"मग झालं."

"बाई, नाव सांगा. तुमच्यावरचं थोडं हलकं होईल."

"गेट इथून वीस मिनिटांवर आहे. मी जाऊन बघितलं नाही. एवढं लिहून घ्या."

तिचं टेबल गेलं. आता ती तक्रारीच्या खिडकीत बसते. चढावाच्या गल्लीतलं कुणी आलं, तर तिच्यासमोर उभं न राहता शेजारच्या रांगेत जातं.

घरात तिने बाबांना एक शब्दही विचारला नाही. पहिल्या रात्री तेच भिंतीकडे तोंड करून बोलत होते, "नोकरी गेली हे तुला कसं सांगू ताई? तू मला एवढं... रोज वाचनालयात बसायचो. वाटलं, आज मिळेल, उद्या मिळेल." आत्या कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने सगळ्या घातल्या आणि दिवा मालवला.

आता ती त्यांचं सगळं तपासते. दार लावलंय म्हणाले, तर उठून कडी बघते. औषध घेतलं म्हणाले, तर गोळ्या मोजते. ते बारीक झालेत.

काल ती खिडकीवरून दमून आली. चप्पल काढता काढता तिने विचारलं, "जेवलास का रे?"

"जेवलो."

ती स्वयंपाकघरात गेली. झाकण उचलल्याचा आवाज आला. मी मागून डोकावले. पातेलं सकाळी होतं तसंच होतं.

तिने ताट वाढून आणलं, बाबांसमोर ठेवलं, आणि ते शेवटचा घास गिळेपर्यंत समोर बसून राहिली.