उणे सदतीसची रेघ

चारोटीच्या नाक्यावर माझं गॅरेज आहे, आणि मला गिऱ्हाईक जमवून खेळ दाखवायची खोड आहे. इंजिन उघडायचं तर मी ते गुपचूप उघडत नाही. आधी चार माणसं जमू देतो. त्यामुळे कूलंटची, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाची, घनता मोजणारं ते छोटं दुर्बिणीसारखं मीटर हातात आलं, तेव्हा माझी चैनच झाली. काचेवर दोन थेंब टाकायचे, झाकण लावायचं, उजेडाकडे तोंड करून डोळा लावायचा. आत निळ्या-पांढऱ्याची सीमारेघ दिसते. ती ज्या आकड्यावर असेल त्या थंडीपर्यंत पाणी गोठत नाही. गंगेचं पाणी दाखवावं तशा भक्तीने मी ते लोकांना दाखवायचो.

माझा मित्र मसोलीचा. शाळेपासूनचा. त्याचा स्वतःचा सहा चाकी ट्रक होता, आणि तो ट्रक म्हणजे त्याचं सगळं काही होतं. डहाणूचे चिकू दिल्लीला न्यायचे आणि मिळेल तो माल घेऊन परत यायचं, हा त्याचा धंदा. त्या हिवाळ्यात त्याला दिल्लीहून पुढे काश्मीरचा माल मिळाला. स्वारी घाबरून माझ्याकडे आली.

"मिस्त्री, तिकडे बर्फ असतो. रेडिएटर गोठून फुटला तर?"

"फुटेल कसा? मी आहे ना."

"म्हणून तर विचारतोय."

त्याचं म्हणणं, निव्वळ कूलंट ओतू, पाणी नकोच. मी त्याला समजावलं की निव्वळ कूलंट उलट लवकर गोठतं, आणि इंजिनची उष्णताही नीट वाहून नेत नाही. अर्धं कूलंट, अर्धं पाणी. मग उणे सदतीसपर्यंत गोठत नाही, उन्हाळ्यात शंभरच्या वर गेलं तरी उकळत नाही, आणि रेडिएटरचं झाकण दाब धरून असेल तर उकळण्याचा आकडा आणखी वर जातो. इथपर्यंत मी बरोबर होतो.

पाणी कुठलं, इथे घोटाळा झाला. शेजारी बॅटरीवाले काका बसतात. घरी गुजराती, दुकानात मराठी, आणि भांडताना दोन्ही. ते डिस्टिल्ड वॉटरचा कॅन उचलून आले.

"दीकरा, हे घाल. बोअरचं नको."

मला तिथेच नाटक सुचलं. दोन बाटल्या घेतल्या. एकीत कूलंट आणि काकांचं डिस्टिल्ड, दुसरीत कूलंट आणि माझ्या बोअरचं पाणी. दोन्हींत अगदी निम्मं-निम्मं. समोरच्या हॉटेलातले लोक हातात ग्लास घेऊन आले. मी आधी एक थेंब, मग दुसरा, सगळ्यांना आळीपाळीने डोळा लावायला दिला. दोन्हींची रेघ एकाच जागी. उणे सदतीस.

"काका, आता बोला! पाणी म्हणजे पाणी!"

लोक हसले. काका हसले नाहीत. "तुझा मीटर शिरा किती गोड ते सांगतो. रव्यात खडे हायत का, ते नाय सांगत."

"तुम्हाला कॅन खपवायचाय, काका."

यावर आणखी मोठा हशा झाला. काका कॅन घेऊन परत गेले, आणि माझ्या बोअरचं पाणी माझ्या मित्राच्या ट्रकमध्ये गेलं. ज्या हॉटेलचे लोक हसले, त्यांच्या चहाच्या पातेल्यात त्याच पाण्याचा पांढरा थर बोटभर साचलेला असतो. मी त्या पातेल्यातला चहा रोज पितो.

काश्मीरहून त्याचा फोन आला तेव्हा तो ओरडतच होता. "मिस्त्री, बाजूच्या गाडीचा पाइप फुटला रे! आपली एका स्टार्टरमध्ये चालू!" मी फोन स्पीकरवर टाकून सगळ्यांना ऐकवला. काकांना दोनदा.

त्याच्या ट्रकच्या एका होजमधून, रेडिएटरच्या रबरी नळीतून, कूलंट जरा जरा गळायचं. मी त्याला सांगून ठेवलं होतं, नुसतं पाणी घालू नकोस, रेघ हलेल. माझ्याकडून अर्ध्या-अर्ध्याचा कॅन भरून ने. तो प्रत्येक खेपेला इमानदारीने कॅन भरून न्यायचा. होज बदलायला मात्र आम्हा दोघांनाही दोन वर्षं सवड झाली नाही. म्हणजे दोन वर्षं मी त्याच्या इंजिनात बोअरचे क्षार भरत होतो, आणि रेघ काटेकोर सांभाळत होतो.

यंदा मे महिन्यात तो आला. "टेंपरेचरचा काटा वर जातोय रे. चढावर जास्त."

मी कूलंट काढून पाहिलं. हिरवं राहिलं नव्हतं, गढूळ तांबूस झालं होतं. तिथे मी थांबायला हवं होतं. पण मी मीटर काढलं. रेघ उणे सदतीसवरच. हे मी कितीही वेळा आठवलं तरी तसंच आठवतं: रेघ अगदी बरोबर होती.

"ताकद आहे अजून," मी म्हणालो. पंख्याचा पट्टा घट्ट केला, रेडिएटर बाहेरून धुतला, बोनेटवर थाप मारली. "जा दिल्लीला."

"नक्की ना?"

"मीटर खोटं बोलतं का?"

तो चिकू भरून निघाला आणि गुजरातच्या सीमेवर अच्छाडच्या चेकनाक्याच्या रांगेत ट्रक बंद पडला. भर दुपारी, पुढेमागे ट्रक, इंजिन चालू, वारा नाही. मी पोचलो तेव्हा बोनेटखालून वाफ येत होती आणि तो रस्त्याकडेला चपला काढून बसला होता.

दुसऱ्या दिवशी गॅरेजात सगळं उघडलं. या खेळाला मी कुणालाच बोलावलं नाही. रेडिएटरच्या निम्म्याहून अधिक नळ्या पांढऱ्या-तांबड्या चिखलाने बंद. इंजिनाच्या आत पाणी फिरायच्या वाटांवर तसाच खडबडीत थर. त्या थरामागचा धातू तापत राहिला, त्याची उष्णता पाण्यापर्यंत पोचलीच नाही. इंजिनवरचं अॅल्युमिनियमचं हेड जागोजाग खाल्लेलं आणि वाकलेलं. ब्लॉकला दोन सिलिंडरच्या मधे चीर. कूलंट शेवटपर्यंत गोठलंही नसतं आणि वेळेआधी उकळलंही नसतं, पण त्याला इंजिनापर्यंत पोचू कोण देत होतं?

काका येऊन उभे राहिले. मला वाटलं आता ऐकवणार. त्यांनी चिरेवरून बोट फिरवलं, धोतराला पुसलं आणि आपल्या दुकानात परत गेले. 

मित्राने विचारलं, "होईल ना रे?"

 मी नळाखाली हात धुवत बसलो, स्वच्छ झाले तरी धुवत बसलो.

"पाण्यामुळे झालं," मी शेवटी म्हणालो. "माझ्या."

"पण काश्मीरात नाही ना गोठलं," तो म्हणाला. माझी समजूत घालत होता.

दुसरं इंजिन बसवण्याएवढं त्या जुन्या गाडीत काही उरलं नव्हतं. तलासरीच्या भंगारवाल्याने ट्रक घेऊन ये म्हणून सांगितलं. मी माझ्या गाडीला लोखंडी बार बांधून ट्रक ओढायला घेतला. स्टिअरिंग धरायला मागे कुणीतरी लागतं. तो म्हणाला, मीच बसतो.

हायवेवर मी हळूहळू चाललो होतो. आरशात त्याचा चेहरा दिसत होता. दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर रस्त्यावर, माल भरलेल्या ट्रकचा ड्रायव्हर बसतो तसा. तलासरीला भंगाराच्या आवाराकडे वळायची वेळ आली. मी वळायच्या आधीच त्याने मागे डावा इंडिकेटर लावला होता.