मधल्या घरातला ‘नि’

क्रांती चौकाजवळच्या एका लहानशा हॉलमध्ये आम्ही पेन्शनर मंडळी दर महिन्याला जमतो. चहाआधी एकजण फळ्यावर नऊ घरांचा चौकोन काढतो आणि प्रत्येक घरात एक अक्षर लिहितो. जोडाक्षर एकच धरायचं. त्यात नऊ अक्षरी एकच शब्द लपलेला असतो. एका घरातून लगतच्या घरात जायचं, तिरकं नाही, आणि कुठलंही घर दोनदा घ्यायचं नाही. हरणाऱ्यानं उभं राहून म्हणायचं, “मला समजलं नाही, सांगा.” हे वाक्य मला एकाच माणसाच्या तोंडून ऐकायचं होतं.

तो माझा जुना साहेब, पगारबिलं तपासणारा; आता तोही इथं येतो. सगळ्या ऑफिसदेखत मला विचारायचा, “समजलं का बाई, का हळू सांगू?” माझ्या गोपनीय अहवालात त्यानं लिहिलं, ‘आकलन कमी’. बढती गेली ती गेलीच. लिपिक म्हणून लागले, लिपिक म्हणूनच घरी आले. अजून आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

या महिन्यात कोडं घालायची पाळी माझी होती. चार दिवस ओट्यावर चौकोन आखून तुरीचे दाणे सरकवत बसले. तेव्हा एक गोष्ट हाती लागली. शब्द कोपऱ्यातून किंवा अगदी मधल्या घरातूनच सुरू होऊ शकतो. उरलेल्या चार घरांतून निघालं की एखादं घर राहतंच. साहेबांची खोड मला ठाऊक होती. कागदावर ‘वेतन’ दिसलं की पुढचंमागचं वाचायचंच नाही. म्हणून ‘वे’ मुद्दाम खालच्या ओळीत मधोमध ठेवला.

धा  र  क
न  नि  वृ
त  वे  त्ति

साहेब लगेच उठले. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग!

“लई सोपं हाय. वे, त, वर न, धा, मग र, क. खाली वृ, त्ति. वेतनधारकवृत्ति!”

टाळ्याही पडल्या.

“साहेब, मधला नि राहिला की,” मी म्हणाले.

त्यांनी खडूची रेघ पुसली, पुन्हा सुरुवात केली. एकदा ‘नि’कडे वळले, एकदा ‘त्ति’कडे, पण निघाले दर वेळी ‘वे’पासूनच. चहा निवला. शेवटी त्यांनी खडू ठेवला.

“नाय समजलं, बाई. सांगा.”

मला वाटलं होतं, ऐनवेळी कीव येईल. नाही आली. उलट फार बरं वाटलं. मी मधल्या ‘नि’वर बोट ठेवलं. उजवीकडे वृ, खाली त्ति, डावीकडे वे, त, वर न, धा, मग र, क. निवृत्तिवेतनधारक. सगळा हॉल हसला, कारण तिथं बसलेला प्रत्येकजण तोच होता. साहेब तेवढे हसले नाहीत.

“समजलं का साहेब, का हळू सांगू?”

“समजलं,” ते पुटपुटले.

“जरा मोठ्यानं म्हणा. मागच्या रांगेला ऐकू जात नाय.”