दारातून परतलेल्या चादरी

ऑफिसात तिला सगळे वहिनी म्हणतात, अगदी मालकसुद्धा. ती त्यांची कुणी लागत नाही. झालं असं, की तिची धाकटी नणंद या कंपनीत तिच्या आधी लागली. नणंदेच्या तोंडाला कुलूप नाही. पहिल्याच आठवड्यात तिनं मालकांना सांगून टाकलं, "आमची वहिनी आकड्यांत पक्की आहे, तिला बोलावून तरी बघा." त्यांनी बोलावलं, ठेवून घेतलं, आणि तेव्हापासून हजेरीत नाव काहीही असलं तरी माणसांच्या तोंडी ती वहिनीच झाली.

कंपनी चादरी विकते. दुकान नाही, काउंटर नाही. लोक मोबाइलवर बघतात, बटण दाबतात, आणि चादर घरी येते. खाली गोदाम, वर ऑफिस. वहिनीचं टेबल जिन्याच्या तोंडाशी. कुठली ऑर्डर कुठवर आली यावर लक्ष ठेवणं हे तिचं काम. ऑर्डर आली, बांधली, रवाना झाली, वाटपाला निघाली, पोचली. हे सगळे टप्पे तिच्यासमोर दिवसभर सरकत असतात, आणि मधला एखादा गाळून कुणी बोललं की तिच्या कपाळाला आठी पडते. घरीही तेच. नवरा फोनवर "निघालोय" म्हणाला की ही विचारते, "म्हणजे चप्पल घातली, की घालणार आहात?" त्या माणसानं आता खोटं बोलणं सोडून दिलंय.

नणंदेचं टेबल समोरच्या भिंतीशी. ती आणि तिच्या दोन सोबतिणी कानाला हेडफोन लावून बसतात. ज्यांनी आधी पैसे भरलेत त्यांना फोन लागत नाही. जे "चादर घरी आल्यावर देतो" म्हणतात, म्हणजे कॅश ऑन डिलिव्हरीवाले, त्यांना या तिघी माल बांधण्याआधी विचारतात. "ताई, तुम्ही चादर मागवली होती ना? हवी आहे ना? पत्ता हाच ना?" बहुतेक जण हो म्हणतात. पण कुणाच्या मुलानं खेळता खेळता बटण दाबलेलं असतं, कुणी एकच चादर चुकून दोनदा मागवलेली असते, कुणाचा रागाच्या भरातला विचार सकाळपर्यंत बदललेला असतो. अशा ऑर्डरी तिघी रद्द करतात. फुकट मागवायला काय जातं हो? खिशातून पैसा गेलेला नसला की माणूस फार उदार होतो.

हे काम नणंदेला जिवापाड आवडायचं. नवऱ्याचं घर सोडल्यावर, "आता तुझं कसं होणार" म्हणणाऱ्या सगळ्या नातेवाइकांच्या नाकावर टिच्चून तिनं एक खोली भाड्यानं घेतली होती, ती या पगारावर. खोलीत दोन खुर्च्या होत्या. दुसरी वहिनीसाठी, असं ती येणाऱ्या प्रत्येकाला सांगे.

तर मालकांनी भिंतीवर एक मोठी स्क्रीन लावली होती. तिच्यावर दिवसाची विक्री. मालक तसे दिलदार, पण त्या आकड्यावर त्यांचा भारी जीव. येणाऱ्या पाहुण्याला चहाच्या आधी आकडा दाखवायचे. ऑफिसातलं वायरिंग बदलायला काढलं तेव्हा दोन आठवडे तिघींचे फोन बंद राहिले आणि ऑर्डरी तशाच बांधून रवाना होत गेल्या. त्या दोन आठवड्यांत स्क्रीनवरचा आकडा टुणकन वर गेला. फोन सुरू झाले आणि तो पुन्हा खाली आला.

मालकांनी सगळ्यांना बोलावलं आणि स्क्रीनकडे बोट दाखवलं. "मला कुणाबद्दल राग नाही. पण फोन केला की गिऱ्हाईक बिचकतं आणि ऑर्डर रद्द होते, हे समोर दिसतंय. पुढच्या महिन्यापासून फोनचं टेबल बंद."

नणंदेनं गळ्यातला हेडफोन काढला आणि त्याची वायर बोटांना गुंडाळली. ते बघून वहिनीला धास्ती वाटली.

वहिनी जागेवर येऊन बसली आणि तिनं तो आकडा बनतो कसा ते उघडून बघितलं. इतके दिवस तो तिनं जसाच्या तसा वापरला होता. आधीच्या माणसानं रचलेला, चालतोय तर चालू दे म्हणून. रचना सोपी होती. आलेल्या सगळ्या ऑर्डरींची बेरीज, त्यातून रद्द झालेल्या वजा. बास. ज्या काळात ते रचलं गेलं त्या काळात लोक आधी पैसे भरायचे, तेव्हा ते चालून जायचं. ऑर्डर आली म्हणजे पैसे आलेच. पण कॅश ऑन डिलिव्हरीच्या ऑर्डरीबरोबर पैसे येतच नाहीत. कुरिअरवाला दारात उभा राहतो, आतून आवाज येतो, "नको, परत न्या," आणि चादर माघारी फिरते. ती ऑर्डर रद्द नसते. तिची अवस्था असते 'परत'. आणि 'परत' हा शब्द त्या वजाबाकीत नव्हताच.

म्हणजे फोनवर "नको" म्हटलं तर विक्री कमी, आणि दारात "नको" म्हटलं तर विक्री कायम. ज्या तिघी नुकसान आधीच पकडत होत्या त्याच नुकसान करताना दिसत होत्या. वहिनीला असा संताप आला की ती उठून पाणी प्यायली.

मालकांच्या केबिनमध्ये तिनं हे सगळं सांगितलं. "त्या दोन आठवड्यांच्या ऑर्डरी पुन्हा मोजते. आल्या किती ते नाही, शेवटाला कुठे गेल्या ते. पोचल्या की परतल्या. पण थोडं थांबावं लागेल."

मालकांनी खुर्ची मागे रेटली. "वहिनी, स्पष्ट बोलतो. ती तुमची नणंद आहे. तुम्ही आकडा तिच्या बाजूनंच काढणार."

"म्हणूनच थांबा म्हणते. आजच काढला तर तिच्या विरुद्ध जाईल, आणि तोही खोटा असेल."

मालकांना हे झेपलं नाही, पण महिनाअखेरपर्यंत ते थांबले. एवढं श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

रविवारी वहिनी नणंदेच्या खोलीवर गेली. दुसऱ्या खुर्चीवर धुतलेले कपडे रचून ठेवलेले होते. नणंदेनं ते उचलले नाहीत.

"तुला कळलंय ना आकडा चुकीचा आहे? मग उद्याच दाखव. थांबायचं कशासाठी?"

"अगं, फोन बंद होते तेव्हाची अर्धी पार्सलं अजून वाटेत आहेत. पोचलेलं लवकर कळतं. नाकारलेलं उशिरा कळतं. कुरिअरवाला दोन-तीनदा दार वाजवणार, मग माल माघारी पाठवणार, मग तो आपल्याकडे येणार. आज मोजलं तर पोचलेलीच जास्त दिसतील. मालक म्हणतील, बघा, फोनशिवाय सगळं छान चाललंय."

"आणि तोवर मी नोकरी शोधू दुसरीकडे?"

"वाटेतलं पार्सल मी कुठल्याच बाजूला धरणार नाही. तुझ्याही नाही."

"तुला नोकरी मी लावली," नणंद म्हणाली आणि लगेच खाली बघू लागली. वहिनी उभ्या उभ्याच चहा पिऊन निघाली.  आपण बरोबर आहोत हे माहीत असून भागत नाही, समोरच्या माणसाचं भाडं त्यावर अवलंबून असलं की.

पुढचे दिवस तिनं डोळ्यात तेल घालून काढले. प्रत्येक ऑर्डरीला तिनं एकाऐवजी दोन रकाने दिले. एकात माल कुठे आहे, दुसऱ्यात पैसे कुठे आहेत. कारण कॅश ऑन डिलिव्हरीत चादर पोचली तरी पैसे गिऱ्हाइकाकडून कुरिअरवाल्याकडे जातात, आणि तो आठवडाभरानं आपला पोचवण्याचा आकार कापून सगळ्यांचे मिळून एकरकमी पाठवतो. पोचली म्हणजे विकली; पण पैसे हातात आले तेव्हाच मिळाले. मालक मात्र बँकेत स्क्रीनएवढे पैसे का येत नाहीत म्हणून कुरिअरवाल्याला वर्षभर फोनवर झापत होते. तो बिचारा परतलेल्या चादरींचे पैसे आणणार तरी कुठून?

महिना संपता संपता शेवटचं रेंगाळलेलं पार्सलही माघारी आलं. वहिनी मालकांना म्हणाली, "कागद नंतर बघू. आधी खाली चला."

गोदामाच्या टोकाला परत आलेल्या मालाचं कपाट होतं. गोदाम सांभाळणारे काका दार अडवून उभे होते, कारण आतलं बाहेर पडत होतं. चेपलेले खोके, पावसात भिजलेल्या पिशव्या, एकावर कुणीतरी पेननं "माणूस ओळखत नाही" लिहिलेलं.

"यातलं कुठलंही उचला," वहिनी म्हणाली. "मी निवडत नाही."

मालकांनी एक उचललं. वहिनीनं मोबाइलवर त्याचा नंबर टाकला. फोन बंद असतानाची ऑर्डर, विक्रीत धरलेली. दुसरं उचललं, तेही तसंच. तिसरं फोन सुरू असतानाचं निघालं. ते वहिनीनं वेगळं ठेवलं आणि सांगितलं, "हेही विक्रीत धरलंय. फोन करूनही परत येतातच काही." पुढची पुन्हा फोन नसतानाची. मालक उचलत राहिले. फोन केलेली बाजूला दोन-चार जमली. फोन न केलेल्यांचा ढीग त्यांच्या गुडघ्यापर्यंत आला. काका म्हणाले, "साहेब, जाण्याचं भाडं आपलं, येण्याचंही आपलंच."

मग वर जाऊन कागद बघितला. फोन बंद होते तेव्हा ऑर्डरी जास्त रवाना झाल्या होत्या आणि पोचलेल्या मात्र एरवीपेक्षा जास्त नव्हत्या. वाढ झाली होती ती फक्त जाऊन येणाऱ्यांची. पोचलेल्या कॅश ऑन डिलिव्हरीची बेरीज, त्यातून कुरिअरवाल्याचा आकार वजा. कुरिअरवाल्याकडून बँकेत आलेली रक्कम तंतोतंत तीच. मालकांनी ती ओळ दोनदा वाचली.

"म्हणजे आपण इतके मोठे कधीच नव्हतो," ते म्हणाले.

"जेवढे आहोत तेवढे पक्के आहोत."

मालकांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. मग म्हणाले, "स्क्रीन बदला. पोचलेलंच दाखवा. आणि फोनचं टेबल राहू दे."

दुपारी स्क्रीनवर नवा आकडा आला. चांगलाच लहान होता. त्या संध्याकाळी मालकांचे एक पाहुणे आले, त्यांनी मुद्दाम विचारलं, धंदा बसला की काय? मालक म्हणाले, "नाही. आता खरा दिसतोय." असं म्हणताना त्यांची मान ताठ होती. वहिनीला ती बघून फार बरं वाटलं, आणि स्वतःबद्दलही तिला अभिमान वाटला. तो तिनं लपवला नाही. का लपवावा?

 दुसऱ्या दिवशी सकाळी हेडफोन लावून नणंद कुणा बाईंशी बोलत होती. "मुलानं मागवली होय? नको ना तुम्हाला? अहो, राग कसला, आधी सांगितलंत ते बरंच केलंत." फोन ठेवून तिनं खुर्ची फिरवली आणि सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "वहिनी, एक रद्द झाली बघ." जिना चढणारे मालक क्षणभर थांबले, आणि हसून पुढे गेले.

वहिनीनं ती आपल्या रकान्यात रद्द म्हणून नोंदवली. मग नणंदेनं हळूच विचारलं, "रविवारी येतेस? खुर्ची मोकळी करून ठेवते."